पाच एक म्हणजे एक मे

पाच जानेवारीला भरवलेली म्हैस एक मेला भरवली, असं मी लिहून दिलं. खाली सही केली, वर शिक्का मारला आणि ती सात मार्चला विणार, असं तिच्या मालकिणीला सांगितलं. तेव्हा ऑक्टोबर चालू होता आणि म्हैस विण्याला तीन आठवडे उरले होते.

हे काम करायचा मला सरकारी पगार मिळत होता. शिरूर कासार तालुक्यातल्या एका गावात, दोन खोल्यांच्या जनावरांच्या दवाखान्यात मी पशुधन पर्यवेक्षक होतो. माजावर आलेल्या गायी-म्हशींना कृत्रिम रेतन करायचं, ज्याला गावात सरळ ‘भरवणं’ म्हणतात, ते वहीत टिपायचं, तीन महिन्यांनी हात घालून गाभण तपासायची आणि मालकाला विण्याची अंदाजे तारीख सांगायची. म्हशीचे तीनशे दहा दिवस धरायचे, गायीचे दोनशे ऐंशी. चार-आठ दिवस इकडेतिकडे होतात. चार महिने इकडेतिकडे करून दाखवणारा त्या भागात मी पहिलाच असेन.

वहीत तारखा लिहायची माझी पद्धत सुटसुटीत होती. ५/१, १४/१, ३/२. मराठी अंक, मधे तिरकी रेघ. माझ्या आधीचे पर्यवेक्षक ‘दि. ५ जानेवारी’ असं पूर्ण लिहायचे. त्यांच्या वह्या बघून मला त्यांची कीव यायची. एवढी शाई, एवढा वेळ, आणि एका पानावर निम्म्याच नोंदी. माझं पान कसं गच्च भरलेलं असायचं. वर्षाचा आकडा तर मी पानाच्या डोक्यावर एकदाच घालायचो.

या सुटसुटीतपणाने एकदा चिमटा काढला होता, पण तो मी मनावर घेतला नाही. लसीच्या खोक्यावर मी ‘आल्याची ता. १/२’ असं लिहिलं होतं. तपासणीला आलेला माणूस दक्षिणेतला होता. त्याने तो आकडा बघितला आणि नऊ फेब्रुवारी असं आपल्या कागदावर उतरवलं. आपला मराठी एक त्याला इंग्रजी नऊ दिसला. त्यात त्याचं तरी काय चुकलं, डोकं गोल, शेपटी खाली, दिसतोच तसा. लस आठ दिवस उशिरा आल्याचा ठपका माझ्यावर आला, मी तो खुलासा लिहून झटकला आणि त्या माणसाच्या अज्ञानावर चहाच्या टपरीवर दोन दिवस भाषण दिलं. मराठी अंक येत नाहीत आणि महाराष्ट्रात तपासणी करतो, वगैरे.

मग दवाखान्यात संगणक आला. दुसऱ्या कुठल्या तरी कार्यालयाने टाकलेला होता, पण आमच्यासाठी नवाच. आता चिठ्ठ्या हाताने लिहायच्या नाहीत, असं मी ठरवलं. कुणी ठरवायला सांगितलं नव्हतं. वहीतल्या सगळ्या नोंदी तक्त्यात भरायच्या, पुढच्या रकान्यात म्हशीला तीनशे दहा, गायीला दोनशे ऐंशी मिळवायचे आणि प्रत्येक मालकाला विण्याची तारीख छापून द्यायची, अशी माझी योजना होती. तालुक्याच्या साहेबांनी मान डोलावली. ते सगळ्यालाच डोलावतात.

पहिल्या दिवशी मी मराठी अंकांत तारखा भरल्या. संगणकाने त्या सगळ्या चौकटीच्या डाव्या कडेला चिकटवून ठेवल्या, आणि पुढच्या रकान्यात तीनशे दहा मिळवायला सांगितले तर इंग्रजीत तक्रार दाखवली. मराठी अंक त्याला अक्षरं वाटत होते. तारीख आहे हेच त्याला पटत नव्हतं. म्हणजे हाही त्या तपासणीवाल्यातलाच. मग मी माघार घेतली आणि इंग्रजी अंकांत सगळं पुन्हा भरलं.

आता गंमत अशी झाली की निम्म्या तारखा उजव्या कडेला गेल्या आणि निम्म्या डावीकडेच राहिल्या. उजवीकडच्यांची बेरीज झाली, डावीकडच्यांची तक्रार कायम. मी बारकाईने बघितलं. डावीकडे राहिलेल्या सगळ्या तारखा बाराच्या पुढच्या होत्या. चौदा, अठ्ठावीस, एकोणतीस. बारापर्यंतच्या तारखा मात्र तो गुमान घेत होता.

इथे एखाद्या शहाण्या माणसाला प्रश्न पडला असता की बाराचाच मुहूर्त का? वर्षाला महिने बारा असतात, हे मला शाळेपासून पाठ होतं. पण मी त्यातून काढलेला निष्कर्ष असा की संगणकाला मोठा आकडा नंतर लागतो. अठ्ठावीस-बारा त्याला चालत नसेल, तर बारा-अठ्ठावीस देऊन बघू. दिलं. टुणकन उजवीकडे गेलं. मला इतका आनंद झाला की मी बारापुढच्या सगळ्या तारखा उलट्या करून भरल्या आणि बारापर्यंतच्या, ज्यांनी काही त्रासच दिला नव्हता, त्या होत्या तशा ठेवल्या.

तो संगणक अमेरिकी पद्धतीवर लावलेला होता. आधी महिना, मग दिवस. म्हणजे ज्या तारखांवर तो अडला, त्या मी नकळत बरोबर करून दिल्या. आणि ज्या त्याने मुकाट घेतल्या, त्या सगळ्या चुकीच्या घेतल्या. पाच-एक भरलं, त्याने एक मे समजलं. तीन-दोन भरलं, त्याने दोन मार्च समजलं. भांडणारा खरा होता आणि हो म्हणणारा खोटा, पण कार्यालयात इतकी वर्षं काढल्यावर मी हो म्हणणाऱ्यावरच विश्वास ठेवणार.

यावर कळस म्हणून मी दोन गोष्टी केल्या. एक, सगळा तक्ता तारखेप्रमाणे लावून घेतला, त्यामुळे वहीतला क्रम मोडला आणि जानेवारीतली म्हैस मेमधल्या म्हशींच्या कळपात निमूट जाऊन उभी राहिली. दुसरं, चिठ्ठी छापताना कुणाचा गोंधळ नको म्हणून महिना अक्षरांत येईल अशी सोय केली. ‘१ मे’. ‘७ मार्च’. महिना अक्षरांत लिहिला की दिवस-महिन्याची गफलत होत नाही, हे मला कुणीतरी सांगितलं होतं, आणि ते खरंच आहे. फक्त ती गफलत आधीच होऊन गेलेली नसावी लागते. माझ्या चिठ्ठ्यांत संशयाला जागाच उरली नव्हती. चुकीची तारीख इतक्या स्वच्छ अक्षरांत त्या दवाखान्यातून आधी कधी बाहेर पडली नसेल.

अशा सत्तावन्न चिठ्ठ्या मी वाटल्या. काही बिघडलं नाही, कारण कुणी वाचल्याच नाहीत. आमच्याकडच्या माणसाला आपली म्हैस कधी भरवली हे चिठ्ठी सांगत नाही. ‘संक्रातीच्या आधल्या आठवड्यात’, ‘आखाडात, पाळणा हलला त्या दिवशी’, असा त्याचा हिशेब पक्का असतो. माझी चिठ्ठी घ्यायची, ‘बरं झालं साहेब’ म्हणायचं आणि तंबाखू बांधायला वापरायची.

एका बाईचं तसं नव्हतं. तिने ती म्हैस जूनमध्ये विकत घेतली होती, गाभण म्हणून. ज्याच्याकडून घेतली तो शेजारच्या गावचा शेतकरी गोठा मोडून पुण्याला मुलाकडे निघून गेला होता. जाताना म्हणाला होता, ‘दवाखान्यात लिहिलेलं हाय, तिथं बघा.’ म्हैस पहिलारू, म्हणजे पहिल्यांदाच विणारी. कधी भरवली हे ना बाईला ठाऊक, ना नवऱ्याला. जगात ही गोष्ट माहीत असलेली एकच जागा होती, माझी वही. आणि वहीवर मी संगणक बसवला होता.

दोघं दरवर्षी दसरा झाला की उसाला जायची. एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकटा गेला तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत मान अर्ध्याहून कमी. पण या वर्षी बाईच्या मनात घरी राहायचं होतं. म्हैस हंगामात विणार असेल तर ती थांबणार, नवरा एकटा जाणार. हंगाम संपता संपता विणार असेल तर दोघं जाणार आणि म्हैस चौसाळ्याला नणंदेकडे ठेवणार. एवढंच ठरायचं होतं. गाडी दुसऱ्या दिवशी निघणार होती.

ती आली तेव्हा नवरा सोबत होता. तो दारातच उकिडवा बसला, ती टेबलासमोर उभी राहिली.

“साहेब, आमच्या म्हशीची तारीख सांगा.”

मी म्हशीच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर विचारला. तिने तो हातावर पेनाने लिहून आणला होता. मी तक्त्यात शोधला, बटण दाबलं, चिठ्ठी छापली, सही केली.

“सात मार्च.”

“मार्च?” ती म्हणाली. “साहेब, तिनं कास धरलीया.”

“पहिलारू आहे ना. पहिलारूची कास पाचव्या-सहाव्या महिन्यापासूनच दिसायला लागते.” हे मात्र खरं आहे. खऱ्या माहितीचा इतका वाईट उपयोग मी क्वचितच केला असेल.

“चालताना मागनं ढिली वाटती. शेपटीपाशी खड्डं पडलेत.”

“खाणं कमी पडत असेल.”

“येऊन हात घालून बघता का? घर काय लांब न्हाई.”

मी संगणकाकडे बोट केलं. “ताई, यात सगळं आहे. हाताला चूक होते, याला होत नाही.”

दारातून नवरा म्हणाला, “चल की आता. साहेबानं लिहून दिलंय, शिक्का हाय. बहिणीकडं टेम्पोत घालू उद्या सकाळी.” त्याच्या आवाजात सुटका होती. पूर्ण कोयता झाला होता त्याचा.

ती हलली नाही. चिठ्ठी उलटसुलट करून बघत राहिली. मग म्हणाली, “ही कशावरनं काढली?”

“वहीवरून.”

“ती वही दावा.”

नाही म्हणायला मला कारण सापडेना. मी कपाटातून वही काढली, बिल्ल्याचा नंबर शोधला आणि पान तिच्यापुढे सरकवलं. सातवीपर्यंत शिकलेली होती ती. वाचायला तिने बोट लावलं.

“पाच, एक,” ती म्हणाली.

“हं. म्हणजे एक मे.”

“पाच एक म्हंजे एक मे कसं?”

“पाचवा महिना मे.”

“मंग वरच्या ओळीत अठ्ठावीस बारा लिवलंय. अठ्ठाविसावा महिना कंचा?”

मी म्हणालो, तिथे अठ्ठावीस ही तारीख आहे.

“आन् इथं पाच हा महिना.”

“हो.”

“एका वहीत दोन तऱ्हा?”

दारातला नवरा उठून आत आला. तिने बोट खाली सरकवलं. “ही खालची चौदा एक. वरची अठ्ठावीस डिसेंबर, खालची चौदा जानेवारी. साहेब, तुमी वही वरनं खाली लिवता का मनाला येईल तिथं?”

“वरून खाली.”

“मंग ह्या दोघींच्या मधी मे कुठनं घुसला?”

मी ते पान स्वतःकडे ओढलं. माझंच अक्षर. मीच त्या दिवशी, अंगात स्वेटर घालून, ती नोंद केली असणार. जानेवारी हा शब्द लिहायला मला फार तर चार सेकंद लागले असते. मग मी तक्त्यात वरच्या-खालच्या नोंदी शोधल्या. अठ्ठावीस डिसेंबर बरोबर होती, चौदा जानेवारी बरोबर होती. त्यांच्या खालची तीन फेब्रुवारी शोधली, ती दोन मार्च होऊन बसली होती. दहा एप्रिलची चार ऑक्टोबर झाली होती. अजून चार ऑक्टोबर उलटून पुरते पंधरा दिवस झाले नव्हते, आणि ती म्हैस गाभण असल्याचं मी स्वतः जुलैत हात घालून... जाऊ द्या. फक्त दोन-दोन आणि चार-चार अशा ज्या तारखा होत्या, त्या तेवढ्या जशाच्या तशा होत्या. त्यांच्याबाबतीत उलटं आणि सुलटं सारखंच.

बाई बोटांच्या पेरांवर मोजत होती. “पौषात भरवली म्हणा की. मंग दिवाळीच्या अंगानं व्यायची.”

मी कागदावर तीनशे दहा मोजले. अकरा नोव्हेंबर आली.

मग मी खुर्चीतून उठलो. हे कुणाच्या लक्षात आलं असेल की नाही माहीत नाही, पण ती दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदा. आम्ही तिघं तिच्या गोठ्यावर गेलो. हात घालायची गरजच पडली नाही. दारातून दिसत होतं. कास भरलेली, पुठ्ठे सैल, शेपटीच्या दोन्ही बाजूंना खळगे. कॉलेजात पहिल्या वर्षाला असलेल्या पोरानेही सांगितलं असतं. या म्हशीला उद्या सकाळी टेम्पोत उभी करून चौसाळ्याला न्यायची, अनोळखी दावणीला बांधायची, आणि ती तीन आठवड्यांत पहिल्यांदा विणार तेव्हा मालकीण शेकडो कोसांवर उसाच्या फडात. मी दिलेल्या चिठ्ठीचा अर्थ एवढाच होता.

“साहेब,” नवरा म्हणाला, “म्हंजे आता मी अर्धा.”

त्याला उत्तर तिने दिलं. “तुमी अर्धंच होता. मी असते म्हनून पुरं दिसता.”

तो हसला, मग त्याचं हसू विरलं. दुसऱ्या दिवशी गाडीत एकटा बसून गेला.

पुढचे आठ दिवस मी चिठ्ठ्या परत गोळा करत फिरलो. सांगायचं काय, हा प्रश्नच होता. ‘तुमच्या चिठ्ठीत दिवस आणि महिना उलटे झालेत’ असं म्हटलं की लोक विचारायचे, ‘कंची चिठ्ठी?’ एकाने खिशातून काढून दाखवली, तिच्यात चुना होता. एक म्हातारे म्हणाले, “आमची गाय श्रावणात विती. तुमचं संगणक कवा का सांगंना.” सगळ्या गावात माझ्यावर विसंबून राहिलेलं एकच घर होतं आणि तेवढ्यालाच मी बुडवायला निघालो होतो.

तालुक्याच्या साहेबांना मी स्वतःहून सांगितलं. त्यांनी सगळ्या दवाखान्यांना परिपत्रक काढलं की यापुढे तारखा एकाच नमुन्यात लिहाव्यात. परिपत्रकावर तारीख होती ३/११. ती तीन नोव्हेंबर की अकरा मार्च, हे विचारायला मी फोन उचलला होता, पण नोकरी आठवली आणि ठेवून दिला.

माझ्यापुरता नमुना मी ठरवला, तोही लगेच जमला असं नाही. आधी महिना थोडक्यात लिहायला लागलो. ‘जू.’ लिहिलं, पुढच्या आठवड्यात ते जून होतं की जुलै, हे मलाच सांगता येईना. ‘मा.’ लिहिलं तर एक शेतकरी म्हणाला, माघ ना? मार्च, मी म्हणालो. तो म्हणाला मग माघ कसा लिहिता? त्याच दिवशी थोडक्यात लिहिणं बंद केलं. आता हाताने लिहितो तेव्हा दिवस मराठी अंकात, महिना पूर्ण अक्षरांत, वर्ष चारही आकड्यांचं. आपल्या माणसाला वाचायचंय म्हणून अंक मराठी. खोक्यावर, किंवा जे परराज्यात जाणार असेल त्यावर, अंक इंग्रजी. महिना तिथेही अक्षरांतच. संगणकात भरताना आधी त्याची अमेरिका काढून टाकली, आणि तरीही वर्ष, महिना, दिवस अशाच क्रमाने भरतो, म्हणजे त्याला अंदाज करायला जागा राहत नाही. एवढं करून पानावर निम्म्याच नोंदी बसतात. माझ्या आधीच्या पर्यवेक्षकांच्या वह्या मी आता परत कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या आहेत आणि त्यांची कीव करणं थांबवलंय.

नोव्हेंबरात एका सकाळी बाईचा फोन आला. म्हैस कळा देत होती, पाय दिसत होते, पण पुढे सरकत नव्हतं. मी धावत गेलो. रेडकाची मान मागे वळली होती. पहिलारूला एवढी गोष्ट पुरते. एकटी असती तर दोघंही गेली असती. अर्धा तास लागला. मान सरळ केली, मग पुढचं बाईने आणि मी मिळून ओढलं. रेडी झाली. बाईने तिचं नाक पुसलं, कानात फुंकर घातली आणि तिला उचलून म्हशीच्या तोंडाशी नेलं. म्हशीने चाटायला सुरुवात केली तेव्हा बाई तिथेच खाली बसली.

मी हात धुतले. वार, म्हणजे विल्यानंतर गर्भाशयातून बाहेर पडणारी जार, अजून पडायची होती. नवऱ्याला फोन लावून झाला, पलीकडून तो रेडी का रेडा एवढंच चारदा विचारत होता. या वेळी नोंद जागेवरच, पूर्ण आणि सुवाच्य करायची म्हणून मी पिशवीतून वही काढली, पेनाचं टोपण उघडलं, आणि अडलो.

“ताई, आज किती तारीख?”

तिने माझ्याकडे मान वर करूनही पाहिलं नाही. “साहेब,” ती म्हणाली, “तुमी म्हशीची वार पडती का बघा. तारखेचं तुमच्या बसची बात न्हाई.”